सोन्याचा भाव कोण चढवतं: भारताचे दागिने की चीनची बिस्किटं?

लग्नसराई जवळ आली की बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास येतं: मागणी वाढल्यामुळे सोनं महागलं. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया, प्रत्येक मुहूर्ताला हेच कारण पुढे केलं जातं. खरं तर लग्नाच्या तारखा आणि सण वर्षभर आधी सगळ्यांना ठाऊक असतात. बँका आणि घाऊक व्यापारी त्या हिशेबाने माल कित्येक आठवडे आधीच आणून ठेवतात, त्यामुळे मुहूर्ताच्या दिवशी दुकानात झालेल्या गर्दीने लंडनचा, म्हणजे जगाचा, भाव हलत नाही. पण या वाक्यामागे याहून मोठी चूक दडलेली आहे. भारत आणि चीन या सोन्याच्या दोन सर्वांत मोठ्या ग्राहक देशांना आपण ‘आशियाई मागणी’ या एकाच पिशवीत टाकतो. दोन्हीकडे सोन्याचं वेड आहे हे खरं, पण दोघांची खरेदी भावाला अगदी वेगळा प्रतिसाद देते. माझं म्हणणं असं की गेल्या काही वर्षांत भावावर जो परिणाम दिसला तो या वेगळेपणातून आला. किती टन सोनं खपलं यावरून तो कळत नाही.

आधी आपल्याकडचा व्यवहार पाहू. २२ कॅरेटचा, म्हणजे ९१६ शुद्धतेचा, २० ग्रॅमचा दागिना घ्यायचा आहे आणि ग्रॅमचा भाव ६,५०० रुपये आहे असं धरा. सोन्याचे झाले १,३०,००० रुपये. घडणावळ १२ टक्के धरली तर १५,६०० रुपये. एकूण १,४५,६०० रुपयांवर ३ टक्के जीएसटी म्हणजे ४,३६८ रुपये. बिल झालं १,४९,९६८ रुपयांचं. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडीत काढला, तर सराफाने काहीही तूट धरली नाही तरी हातात १,३०,००० पडतात. म्हणजे घातलेली रक्कम नुसती परत मिळायला सोन्याचा भाव १५ टक्क्यांहून थोडा जास्त चढावा लागतो. घडणावळ १८ टक्के असेल तर आणखी चढावा लागतो.

या गणितामुळे भारतीय दागिना एकदा घरात आला की सहसा बाहेर पडत नाही. भाव पाच टक्के वाढला म्हणून कोणी मंगळसूत्र विकून नफा पदरात पाडून घेत नाही, कारण तेवढ्या वाढीत नफा होतच नाही. पैशांची नड आली तर दागिना गहाण पडतो. मोड दिली जाते तीही बहुधा नव्या दागिन्यासाठीच, आणि तेव्हा सोनं एका नगातून दुसऱ्या नगात जातं, घर सोडत नाही. विकत घेतलेलं सोनं बाजारात सहज परत न येणं हा भारतीय खरेदीचा पहिला गुण.

दुसरा गुण भावासाठी अधिक महत्त्वाचा आहे. लग्नासाठी सोन्याला किती पैसे घालायचे हे घरात आधी ठरतं, किती ग्रॅम घ्यायचे हे नंतर. पाच लाख ठरले असतील तर ६,५०० च्या भावाने, घडणावळ बाजूला ठेवून, सुमारे ७७ ग्रॅम येतात. भाव ९,००० झाला की त्याच पाच लाखांत साडेपंचावन्न ग्रॅम येतात. रुपये तितकेच राहतात, वजन घटतं. म्हणून भाव चढतो तशी भारताची टनांमधली मागणी आपोआप खाली येते आणि भाव उतरला की तितक्याच सहजपणे वर जाते. पाटल्यांऐवजी पोकळ बांगड्या, २२ ऐवजी १८ कॅरेट ही सगळी त्या ठरलेल्या रकमेत बसण्याची धडपड असते. जुलै २०२५ मध्ये ९ कॅरेटचे दागिनेही हॉलमार्कच्या कक्षेत आले, तेही याच गरजेतून.

असा ग्राहक भाव वर ढकलू शकत नाही. भाव पडताना तो आधार देतो, चढताना बाजूला होतो.

चीनमध्येही बराच काळ चित्र याच्या जवळपासचं होतं. तिथले दागिने मात्र आधीपासूनच वेगळे. मुख्य भूमीवर दागिन्याचं सोनं चोख असतं, किमान ९९ टक्के, आणि आता बहुतेक ९९९. २२ कॅरेटला तिथे बचत म्हणून मान नाही. म्हणून भाव चढला तरी तिथला ग्राहक कॅरेट उतरवत नाही, वजन उतरवतो. धातू कठीण करण्याची तंत्रं वापरून चोख सोन्याचेच पातळ, पोकळ पण टिकाऊ नग तिथे बनवले जातात. मोठ्या ब्रँडच्या दुकानात फलकावर लावलेला भाव शांघायच्या घाऊक भावापेक्षा चांगलाच वर असतो, त्यावर घडणावळ वेगळी, आणि परत विकताना मात्र घाऊक भावाच्या आसपासच पैसे मिळतात. अडचण आपल्यासारखीच आहे. चिनी ग्राहकाने त्यावर काढलेला मार्ग वेगळा आहे: बचतीसाठी सोनं हवं असेल तर दागिना घ्यायचाच नाही.

बँकेच्या खिडकीवर मिळणारं बिस्किट घाऊक भावापेक्षा थोड्याशा युआनने महाग असतं. बँकेच्या संचय खात्यात दरमहा ठरावीक रकमेचं सोनं जमा करत जाता येतं. एकेक ग्रॅमचे ‘सोन्याचे दाणे’ काचेच्या बरणीत साठवण्याची पद्धत तरुणांमध्ये रुजली. सोन्याचे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे घेता-विकता येणारे फंड, फोनवर घेता येतात, आणि ज्याला उसन्या बळावर सौदा करायचा आहे त्याच्यासाठी शांघाय फ्युचर्स एक्स्चेंज हा वायदा बाजार आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. घेणं आणि विकणं यांतला फरक दोन-चार टक्क्यांच्या आत राहतो. पंधरा टक्क्यांची भिंत नसल्यामुळे तिथला माणूस भाव चढत असताना घेऊ शकतो आणि अंदाज चुकला तर बाहेर पडू शकतो.

आणि चढत्या भावात घेण्याला त्याच्याकडे सबळ कारण आहे. २०२१ नंतर घरांच्या किमती घसरू लागल्या आणि मध्यमवर्गाच्या बचतीचं सर्वांत मोठं पात्रच गळू लागलं. ठेवींवरचं व्याज कमी होत गेलं. परदेशात पैसा नेण्यावर माणशी वर्षाला ५०,००० डॉलरच्या परकीय चलनाची मर्यादा आहे. अशा वेळी युआन घसरण्याची भीती वाटली तर सामान्य माणसाच्या हातात कायदेशीर आणि डॉलरशी जोडलेली वस्तू कोणती उरते? सोनं. त्याच्या दृष्टीने चढता भाव हा आपली भीती खरी असल्याचा पुरावा ठरतो. आपल्या वधूपित्याला तोच भाव आपल्या यादीतून एक नग कमी करायला लावतो.

आकड्यांमध्ये हे वळण २०२४ मध्ये ठळक दिसलं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या मोजणीनुसार त्या वर्षी चीनमध्ये दागिन्यांची मागणी जवळजवळ चतुर्थांशाने घसरून ४७९ टनांवर आली, तर बिस्किटं आणि नाण्यांची मागणी २० टक्के वाढून ३३६ टन झाली. भारतात दागिने जेमतेम २ टक्के घटून ५६३ टनांवर राहिले आणि दागिन्यांत भारत चीनच्या पुढे गेला. भारतातही नाणी-बिस्किटांची मागणी वाढून २३९ टन झाली, हे इथे सांगायलाच हवं. आपल्याकडचा गुंतवणूकदार झोपलेला नाही. पण त्या वाढीला जुलैमधल्या आयातशुल्काच्या कपातीने मोठा हात दिला होता, म्हणजे तीही मुळात स्वस्ताईची खरेदी होती. पुढे चीन सरकारने करातूनही हा कल पक्का केला. १ नोव्हेंबर २०२५ पासून दागिन्यांसाठी उचललेल्या सोन्यावर मूल्यवर्धित कराची वजावट १३ वरून ६ टक्क्यांवर आणली गेली, गुंतवणुकीच्या सोन्याची सवलत मात्र तशीच ठेवली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. याने जगाच्या भावाचं काय होतं? याचं उत्तर शोधताना बहुतेक लोक टन मोजतात, आणि तिथेच फसतात. २०१३ हे वर्ष त्यासाठी डोळ्यांसमोर ठेवावं. त्या वर्षी १२ आणि १५ एप्रिल या दोन दिवसांच्या व्यवहारांत सोनं औंसामागे सुमारे २०० डॉलरने कोसळलं. दोन्ही देशांत ग्राहक दुकानांवर तुटून पडले. चीनमध्ये मध्यमवयीन बायकांच्या रांगा लागल्या आणि त्यांच्यासाठीचा ‘दामा’ हा शब्द जगभर पोचला. वर्षअखेरीस चीनने हजार टनांचा टप्पा ओलांडला होता, भारतानेही साडेनऊशेहून जास्त टन सोनं घेतलं होतं. इतकी खरेदी एका वर्षात दोन्ही देशांनी मिळून त्याआधी केली नव्हती. आणि भाव? वर्षभरात तो सुमारे २८ टक्के पडला.

कारण साधं आहे. पाश्चिमात्य गुंतवणूकदारांनी ईटीएफमधून त्या वर्षी सुमारे ८८० टन सोनं काढून टाकलं. लंडनच्या तिजोऱ्यांतले साडेबारा किलोच्या आसपासचे जाडजूड बार स्वित्झर्लंडच्या शुद्धीकरण कारखान्यांत वितळले, एकेक किलोच्या ९९९९ शुद्धतेच्या विटा होऊन हाँगकाँगमार्गे चीनमध्ये गेले. भारत-चीनने ते सोनं घेतलं, पण विकणारा ज्या भावाला विकायला तयार होता त्या भावाला घेतलं. घाई विकणाऱ्याला होती. घेणारे वाट पाहू शकत होते. ज्याला घाई असते तो भाव हलवतो, आणि २०१३ मध्ये आशिया घाईत नव्हता. तेव्हा चीन आणि भारत दोघेही एकाच पद्धतीने, म्हणजे पडत्या भावात, घेत होते.

यावरून पुढचं समजतं. दोन्ही मोठे ग्राहक चढत्या भावात मागे हटत होते तोवर सोन्याच्या प्रत्येक तेजीला आपोआप लगाम होता. पश्चिमेकडचा पैसा भाव वर नेई, आशियातली दुकानं ओस पडत, मोड वाढे आणि तेजी दमे. आता त्यातला एक ग्राहक, निदान त्याचा मोठा भाग, चढत्या भावात मागे हटत नाही. लगाम अर्धा सैल झाला आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या तेजीकडे पाहताना हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा तर दोन मापं आहेत: शांघायचा अधिभार, म्हणजे जगाच्या भावावर तिथे मोजावी लागणारी जादा रक्कम, आणि मुंबईची सवलत. शांघाय गोल्ड एक्स्चेंजवर भाव ग्रॅममागे युआनमध्ये बोलला जातो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. शांघायचा भाव ४७० युआन आणि डॉलरचा दर ७.२८ युआन धरला, तर ४७० गुणिले ३१.१०३५ भागिले ७.२८, म्हणजे औंसाला सुमारे २,००८ डॉलर. त्याच क्षणी लंडनमध्ये भाव १,९१० डॉलर असेल तर अधिभार झाला ९८ डॉलर. एरवी हा फरक थोड्या डॉलरचाच असतो, कारण तो वाढला की बँका लंडनला घेऊन शांघायला विकतात आणि फरक बुजतो.

पण सप्टेंबर २०२३ मध्ये हा अधिभार खरोखरच १०० डॉलरच्या पुढे गेला. तो बुजला का नाही? चीनमध्ये सोनं कोणीही आणू शकत नाही. मध्यवर्ती बँक, म्हणजे पीपल्स बँक ऑफ चायना, ठरावीक बँकांना आयातीचे परवाने आणि कोटा देते. युआन घसरत होता, सोनं आणायचं तर डॉलर बाहेर जाणार, म्हणून कोटा आखडलेला होता. आत मागणी तापली, दार अर्धवट बंद राहिलं, आणि अधिभार फुगला. इथे एक गोष्ट नीट पाहावी. नेमक्या याच काळात जगाचा भाव उतरत होता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो १,८२० डॉलरच्या आसपास आला. म्हणजे शांघायचा अधिभार वाढला म्हणजे जगात सोनं चढणार, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. दाराआड अडकलेली मागणी लंडनला पोचत नाही. ती पोचते ती दोन वाटांनी: कोटा सुटला की प्रत्यक्ष धातूच्या रूपात, किंवा वायदा बाजारातल्या सौद्यांच्या रूपात.

मार्च-एप्रिल २०२४ मध्ये ती पोचली. फेब्रुवारीअखेर २,०५० डॉलरच्या आसपास असलेलं सोनं १२ एप्रिलला २,४०० डॉलरच्या वर जाऊन आलं. पाश्चिमात्य ईटीएफमधून त्या वेळी सोनं बाहेर पडत होतं. भारतात व्यापारी सवलत देऊन माल काढत होते, कारण ग्राहक भावाला घाबरून थांबला होता. शांघायमध्ये मात्र अधिभार टिकून होता आणि तिथल्या वायदा बाजारात खरेदीचे सौदे इतके वाढले की एक्स्चेंजला मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची रक्कम, वाढवावं लागलं. एकाच आठवड्यात एका देशात सवलत आणि दुसऱ्यात अधिभार, तोही चढत्या भावात. दोन्ही देशांच्या सवयी वेगळ्या झाल्याचं याहून स्वच्छ चित्र मला दुसरं माहीत नाही.

मुंबईची सवलत कशी मोजतात तेही सांगतो, कारण सराफाकडे लागलेल्या भावात ती ग्राहकाला थेट दिसत नाही. जागतिक भाव, डॉलरचा दर आणि आयातशुल्क यांवरून माल इथे किती रुपयांना पडायला हवा हे निघतं. घाऊक व्यापारी त्याहून कमी भावाला विकत असेल तर ती सवलत. २,४०० डॉलर औंस आणि ८३ रुपये ७० पैसे डॉलर धरला तर १० ग्रॅमचे ७७१ डॉलर ६२ सेंट, म्हणजे शुल्काशिवाय ६४,५८४ रुपये. औंसामागे २० डॉलरची सवलत म्हणजे १० ग्रॅमला सुमारे ५३८ रुपये. ही सवलत तीन-चार आठवडे वाढत गेली तर समजावं की इथला ग्राहक थांबला आहे, मग टीव्हीवर मुहूर्ताची कितीही गर्दी दाखवोत. मात्र एक सावधगिरी बाळगावी. अर्थसंकल्पाच्या आधी शुल्क घटण्याची कुजबुज सुरू झाली की व्यापारी चढ्या शुल्काने आणलेला माल घाईने काढतात आणि सवलत वाढते. त्या वेळच्या सवलतीचा ग्राहकाच्या मनाशी संबंध नसतो. तस्करीचं सोनं वाढलं तरी सवलत फुगते, कारण शुल्क न भरलेला माल कमी भावाला विकणं परवडतं.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. वरच्याच आकड्यांनी पाहू. १५ टक्क्यांनी १० ग्रॅमचे ७४,२७२ रुपये पडत होते, ६ टक्क्यांनी ६८,४५९ पडू लागले. जीएसटीआधीच ५,८१३ रुपयांचा फरक. जगात भाव पडला नव्हता, पण भारतीय ग्राहकाला तो पडलेला दिसला आणि त्याने तेच केलं जे तो पडत्या भावात नेहमी करतो. सवलत नाहीशी होऊन अधिभार सुरू झाला, आणि जुलै-सप्टेंबर तिमाहीची मागणी आदल्या वर्षाच्या तुलनेत १८ टक्के वाढून २४८ टन झाली. त्याच सुमारास चीनमध्ये दागिन्यांची दुकानं थंडावली होती आणि शांघायमध्ये अधिभार जाऊन सवलत आली होती. दोन्ही तराजूंनी जागा बदलल्या, त्यातल्या एकाने दिल्लीतल्या एका अधिसूचनेमुळे.

आणि जगाचा भाव? तो सप्टेंबरअखेरपर्यंत २,६०० डॉलरच्या वर गेला. पण त्याचं श्रेय भारताच्या शुल्ककपातीला देणं चुकीचं ठरेल. त्या महिन्यांत अमेरिकेत व्याजदर उतरण्याची चाहूल लागली होती, दर उतरलेही, आणि पाश्चिमात्य ईटीएफमध्ये पैसा परतू लागला होता. चीनची सवयही सर्वशक्तिमान नाही हे या काळाने दाखवलं. शांघायमध्ये सवलत असतानाही भाव चढला. चिनी खरेदी तेजीला वेग देते, तेजी तिच्यावाचून होत नाही असं नाही.

चीनच्या बाजूला आणखी एक ग्राहक आहे ज्याची तुलना भारताशी करताना काळजी घ्यावी लागते, तो म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक. नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत सलग १८ महिने तिने सोनं घेतल्याचं जाहीर केलं. ७ जून २०२४ ला मे महिन्याचे आकडे आले आणि त्यांत खरेदी शून्य निघाली. त्या एका दिवसात सोनं तीन टक्क्यांहून जास्त घसरलं. त्याच दिवशी अमेरिकेतल्या रोजगाराचे जोरदार आकडेही आले होते, त्यामुळे सगळं खापर चीनवर फोडता येत नाही. तरीही त्या दिवसाने एक धडा दिला. भारतीय रिझर्व्ह बँकही सोनं घेते, पण तिचा एखादा महिना कोरा गेला म्हणून जगाचा भाव हलत नाही. चीनमध्ये बँकेची खरेदी ही लाखो घरांसाठी खूण असते. बँक घेते आहे म्हणजे आपणही घ्यावं, असा विचार तिथे होतो.

यातून भारताच्या धोरणाबद्दल माझं ठाम मत असं बनलं आहे की आयातशुल्क वाढवून सोन्याचं आयातबिल आटोक्यात आणण्याचा मार्ग आता आणखी निरुपयोगी झाला आहे. तो आधीही फारसा चालला नव्हता. २०१३ मध्ये शुल्क जानेवारीत ६, जूनमध्ये ८ आणि ऑगस्टमध्ये १० टक्क्यांवर गेलं. वर आयातीच्या प्रत्येक खेपेतलं २० टक्के सोनं निर्यातीसाठी राखून ठेवण्याची अटही आली. परिणाम म्हणून इथला अधिभार औंसाला शंभर डॉलरच्या पुढे गेला, आणि तो फरक ज्याच्या खिशात गेला त्यात तस्करही होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. पण तेव्हा निदान एवढा युक्तिवाद करता येत होता की भारताने खरेदी थांबवली तर जगाचा भाव उतरेल आणि बिल दोन्ही बाजूंनी कमी होईल. आज भारताने सोडलेलं सोनं चढत्या भावातही घेणारा ग्राहक शेजारी बसला आहे. आपण टन कमी केले तरी डॉलरमधला भाव आपल्यासाठी थांबत नाही. आणि भाव चढला की आपला ग्राहक स्वतःहूनच टन कमी करतो, त्यासाठी शुल्काची गरज नाही.

शुल्काने न होणारी एक गोष्ट मात्र चीनकडून शिकता येते: बचतीचं सोनं आणि अंगावरचं सोनं वेगळं करणं. सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी सुवर्ण रोखे हा त्याच दिशेचा प्रयत्न होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते सुरू झाले, आठ वर्षांची मुदत, वर सुरुवातीला पावणेतीन आणि पुढे अडीच टक्के व्याज. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघाली नाही. रचनेतच दोष होता. सोन्याच्या भावाची सगळी जोखीम सरकारने अंगावर घेतली आणि त्या बदल्यात सोनं मात्र कुठेच ठेवलं नाही. भाव चढत गेला तसं ते कर्ज फार महाग पडलं. चिनी बँकांच्या संचय खात्यात ग्राहकाच्या नावावर सोनं जमा होत राहतं, भाव चढला तर तो ग्राहकाचा लाभ, पडला तर ग्राहकाचा तोटा. आपल्याला तसं खातं हवं. घडणावळीची पंधरा टक्के भिंत ज्याला बचतीसाठी ओलांडायची नाही त्याला सरळ वाट मिळेल.

असं झालं तर आपला ग्राहकही हळूहळू चिनी ग्राहकासारखा वागू लागेल का, हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर काही अंशी होय असंच आहे. खरेदी-विक्रीतला फरक कमी झाला की चढत्या भावात घेणारे वाढतात आणि पडत्या भावात विकणारेही वाढतात. आज सोनं कोसळलं तर त्याला तळ देणारा भरवशाचा ग्राहक भारतीय कुटुंब आहे. ते सोनं काढत नाही, स्वस्त झालं की वाढवतं. चिनी बिस्किट मात्र ज्या सहजतेने घेतलं गेलं त्याच सहजतेने बाहेर येऊ शकतं. तिथे घरांचा बाजार सावरला, युआनवरचा दाब सरला, तर ते सोनं विक्रीला निघेल तेव्हा भाव किती खाली गेल्यावर भारतीय ग्राहक पुढे येतो यावर पडझडीची खोली ठरेल. आणि तो आकडा डॉलरमध्ये शोधून उपयोग नाही. डॉलरचा दर आणि आयातशुल्क धरून १० ग्रॅमला किती रुपये पडतात, आणि लग्नासाठी ठरवलेल्या रकमेत पुन्हा किती ग्रॅम बसतात, तिथे तो सापडेल.

हे सगळं वेळेवर कळायला आपल्याकडे विश्वासार्ह आकडे हवेत, आणि ते नाहीत. शांघाय गोल्ड एक्स्चेंजच्या तिजोरीतून प्रत्यक्ष किती सोनं उचललं गेलं हे दर महिन्याला जाहीर होतं, त्यावरून घाऊक मागणीचा बराच अचूक अंदाज येतो. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ च्या सोन्याच्या आयातीचा आकडा आधी १४.८ अब्ज डॉलर असा जाहीर झाला. त्यावरून व्यापारतूट विक्रमी दिसली, रुपयाही दबला. पुढे कळलं की विशेष आर्थिक क्षेत्रातल्या गोदामांत आलेलं आणि तिथून देशात आलेलं सोनं दोनदा मोजलं गेलं होतं. दुरुस्त आकडा निघाला ९.८४ अब्ज डॉलर. एका महिन्याच्या हिशेबात पाच अब्ज डॉलरची चूक. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एकाची मागणी किती आहे हे त्या देशाच्याच सरकारला वेळेत सांगता येत नसेल, तर भाव ठरवणारे लोक साहजिकच दुसऱ्या ग्राहकाकडे पाहून सौदे करतात.